कढईतल्या बुडबुड्यांची साक्ष

चकली विकणाऱ्याची अडचण लाडू विकणाऱ्यापेक्षा अवघड असते. बेसनाचा लाडू नुसता बघितला तरी जाणत्या बाईला बेसन नीट भाजलंय की कच्चं राहिलंय याचा बराचसा अंदाज येतो. चकली मात्र काही सांगत नाही. खुसखुशीत आणि वातड अशा दोन चकल्या पाकिटात शेजारी शेजारी ठेवा, दोघींना सारखेच काटे, सारखाच तांबूस रंग. फरक कळतो तो दाताखाली आल्यावर, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर.

दुकानात निदान एक तुकडा मागून चाखता येतो. घरगुती फराळाची ऑर्डर फोनवर दिली जाते, पैसे आधी पाठवले जातात आणि डबा चार दिवसांनी येतो. मग गिऱ्हाइकाने भरवसा कशावर ठेवायचा? विकणारा म्हणतो, ‘शुद्ध, घरगुती, पारंपरिक चव.’ शेजारच्या सोसायटीतला विकणाराही तेच म्हणतो. दोघांच्या जाहिरातीत तीच पणती, तोच आकाशकंदील आणि तेच तीन शब्द. सगळेच ते वापरतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला त्यांतून काहीच कळत नाही.

यावर अलीकडे एक उपाय रुळला आहे. जाहिरात करण्याऐवजी स्वयंपाकघराचा किंवा कारखान्याचा दरवाजा अर्धा मिनिट उघडायचा. मोबाइलवर उभा धरून काढलेला, तीस-चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात कोणी ‘आमच्याकडून घ्या’ म्हणत नाही. माल तयार होताना दिसतो, एवढंच. तरीही चांगला जमला तर तो ‘घ्या’ म्हणणाऱ्या दहा जाहिरातींपेक्षा जास्त माल विकतो. तो कशामुळे जमतो आणि कशामुळे फसतो, हे एका चकलीच्या घाण्यावरून नीट समजतं.

कल्पना जुनीच आहे. रसवंतीचा चरक दर्शनी भागात असतो आणि त्याला घुंगरू बांधलेले असतात. ऊस तुमच्यासमोर पिळला जातो, आले-लिंबू तुमच्यासमोर पडतं. भजी-वड्याची कढई हॉटेलच्या रस्त्याकडच्या तोंडाशी मांडलेली असते. कल्हईवाला दारातच भट्टी मांडायचा. पिठाच्या गिरणीत तर आपला डबा आपल्यासमोर पाळ्यात ओतला जातो आणि आपलंच पीठ गरम गरम परत मिळतं. चकलीची भाजणी दळायला गेलेली बाई आधी कोणाचे गहू दळले होते ते विचारते, पहिल्या एक-दोन मुठी बाजूला काढायला लावते आणि मग निश्चिंत होते. बंद पाकिटाने हे बघणं संपवलं. फोनवरच्या ऑर्डरीने तर दुकानसुद्धा संपवलं.

ते बघणं छोट्या पडद्यावर परत येण्याला २०२० हे वर्ष कारण झालं. जूनच्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केले आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स आणले, तेही चाचणीसाठी सर्वांत आधी भारतातच. टाळेबंदीमुळे त्याच वर्षी अनेक घरांतून डबे आणि फराळ विकला जाऊ लागला. ज्यांच्याकडे दुकान नव्हतं त्यांना दर्शनी भाग मिळाला.

बघण्याने खरंच फरक पडतो का, याचा एक प्रयोग झालेला आहे. हार्वर्डच्या रायन ब्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका खानावळीत स्वयंपाकी आणि जेवणारे यांच्यामध्ये पडदे लावून चित्र दाखवलं. कधी एकमेकांना कोणीच दिसत नव्हतं, कधी फक्त एकाच बाजूला दुसरी दिसायची, कधी दोघे एकमेकांना बघू शकत होते. स्वयंपाक्यांना जेवणारे दिसू लागले तेव्हा जेवणाऱ्यांचं समाधान सुमारे दहा टक्क्यांनी वाढलं. दोघे एकमेकांना दिसू लागल्यावर ते सतरा टक्क्यांच्या वर गेलं. मला यातला पहिला आकडा जास्त बोलका वाटतो. आपलं काम कोणीतरी खाणार आहे हे डोळ्यांसमोर आलं की करणारा हात सुधारतो. कॅमेरा लावल्यावर ओटा आधी पुसला जातो, हे ज्यांनी एकदा तरी असं चित्रण केलं आहे त्यांना माहीत असेल.

आता घाण्याकडे येऊ. समजा, डोंबिवलीत दोघी जावा दिवाळीचा फराळ करून विकतात. थोरली तळते, धाकटी फोन आणि हिशेब सांभाळते. त्यांची चकली ६०० रुपये किलो आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ती ४०० ला मिळते. व्हिडिओ काढायचा ठरल्यावर धाकटीने पहिल्यांदा काय करावं? कॅमेरा हातात घेऊ नये. गेल्या वर्षीचे निरोप उघडून लोकांनी पैसे देण्याआधी काय विचारलं ते वाचावं. तीनच प्रश्न पुन्हा पुन्हा सापडतील. तेल कोणतं? इतकी महाग का? आणि आठ दिवसांनी मऊ तर पडणार नाही ना?

इथे पहिली चूक होते ती तिन्हींची उत्तरं एकाच व्हिडिओत कोंबायची. भाजणी धुताना दाखवा, वाळवताना दाखवा, दळताना, मळताना, पाडताना, तळताना, पॅक करताना. चाळीस सेकंदांत पंधरा तुकडे. बघणाऱ्याला खूप काम झालंय एवढंच कळतं. एका व्हिडिओत एकच शंका घ्यावी. आपण तिसरी घेऊ, कारण तिचं उत्तर डोळ्यांना दिसतं आणि कानांना ऐकू येतं.

चकली मऊ का पडते? आत पाणी उरतं म्हणून. भाजणी उकळत्या पाण्यात उकडून घेतलेली असते, शिवाय मळताना पाण्याचा हात लागतो. तळणं म्हणजे खरं तर हे पाणी बाहेर काढणं. कढईत चकली पडताच जे बुडबुडे उसळतात ते तेलाचे नसतात, ती आतल्या पाण्याची वाफ असते. तेल फार तापलेलं असेल तर चकली दोन मिनिटांत लाल होते आणि बाई फसते. बाहेरचं कवच झालं, आत ओल तशीच. ती त्या दिवशी कुरकुरीत लागतेसुद्धा. पण डब्यात गेल्यावर आतली ओल हळूहळू कवचाकडे सरकते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी चकली चामट होते. तेल थंड असेल तर उलटा त्रास, चकली तेल पिते. मोहन जास्त झालं तर ती कढईतच विरते. मध्यम आचेवर, घाई न करता तळली की बुडबुडे आधी जोरात येतात, मग विरळ होतात आणि शेवटी जवळजवळ थांबतात. चरचर आवाजही बसतो. पाणी गेलं, आता काढा.

हे सगळं थोरलीला ठाऊक आहे, पण ती ते कधी कोणाला सांगत नाही. यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नाही. बुडबुड्यांकडे तिची नजर सवयीने जाते. चांगला व्हिडिओ नेमका अशा ठिकाणी दडलेला असतो: करणाऱ्याच्या सवयीची झालेली आणि बघणाऱ्याने आजवर लक्ष न दिलेली खूण. एकदा ती खूण कळली की गिऱ्हाईक स्वतःच्या डोळ्याने माल पारखू लागतं. मग विकणाऱ्याला ‘खुसखुशीत’ हा शब्द वापरावाच लागत नाही.

तर पस्तीस सेकंद असे जातील.

पहिले तीन सेकंद फक्त हात आणि एक चकली. ती मोडते, कट् असा आवाज येतो. नमस्कार नाही, नाव नाही, बोधचिन्ह नाही. वर मोठ्या अक्षरांत चारच शब्द: ‘आठ दिवसांपूर्वीची चकली आहे’. ती खरोखर आठ दिवसांची असली पाहिजे, हे सांगायला नको. पण बघणारा मनात म्हणतोच, ‘लिहायला काय जातंय!’ बरोबर आहे त्याचं. म्हणून पुढचं सगळं.

चौथ्या सेकंदाला कच्च्या चकल्या झाऱ्यावरून तेलात सरकतात. कढई बाजूने दिसते. बुडबुड्यांचा लोट उठतो आणि थोरलीचा आवाज येतो, “हे बुडबुडे म्हणजे आतलं पाणी.” बस, एवढंच वाक्य. पाच-सहा सेकंद नुसती चरचर ऐकू द्यायची.

मग कॅमेरा जागेवरून न हलवता पुढचा तुकडा. पडद्यावर ‘सहा मिनिटांनी’ असं लिहिलेलं. तीच कढई, तेच तेल, पण आता एखाददुसरा बुडबुडा. “आता पाणी गेलं. आता काढायची.” मधली सहा मिनिटं कापली आहेत हे लपवायचं नाही, उलट आकड्याने सांगायचं. काही जण हा भाग वेगाने पळवतात. त्याने आवाज चिरका होतो आणि बुडबुड्यांचं बसणं दिसत नाही, म्हणजे सांगायचं होतं तेच हरवतं.

विसाव्या सेकंदाच्या आसपास माझ्या मते या व्हिडिओचा खरा जीव आहे. थोरली एक चकली मोडते. ती कट् होत नाही, वाकते आणि मग तुटते. आतला भाग ओलसर, फिकट. “ही घाईने काढली. ही घरात खाऊ.” ती चकली वेगळ्या ताटलीत जाते. आपला बिघडलेला माल कॅमेऱ्यासमोर धरायला धीर लागतो. पण बाजूला काढलेली एक चकली बघितल्यावर डब्यात गेलेल्या उरलेल्या सगळ्यांची किंमत वाढते, कारण आता कळतं की इथे कोणी तरी निवडतं. फक्त हे नाटक म्हणून करू नये. मुद्दाम कच्ची ठेवलेली चकली आणि खरोखर फसलेली चकली यांतला फरक तळणाऱ्या बायकांना लगेच दिसतो, आणि फराळ विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकींनी कधी ना कधी चकल्या तळलेल्या आहेत.

शेवटचे सात-आठ सेकंद जाळीवर निथळणाऱ्या, मग गार होणाऱ्या चकल्या आणि एक वाक्य: “दिवसाला आठ किलोच होतात, म्हणून ऑर्डर वसुबारसेच्या आठ दिवस आधी बंद करतो.”

विक्रीचा मजकूर एवढाच. त्यात भाव नाही. तरी भावाचं उत्तर दिलं गेलं. एका घाण्याला सहा मिनिटं जातात, दिवसाला आठच किलो निघतात आणि फसलेली घरात जाते हे बघितल्यावर ६०० आणि ४०० मधलं अंतर गिऱ्हाईक आपलं आपण भरून काढतं. ‘महाग का?’ या प्रश्नाला तोंडी दिलेलं उत्तर नेहमी सारवासारव वाटतं. इथे कोणी सफाई देत नाही. अट एकच, आठ किलोचा आकडा खरा हवा. दुपारी आठ किलो सांगून संध्याकाळी बाहेरून वीस किलो आणणारे लोक असतात. त्यांनी असा व्हिडिओ काढू नये, कारण एका गिऱ्हाइकाला दोन वेगळ्या चवीच्या चकल्या मिळाल्या की तोच व्हिडिओ पुरावा म्हणून त्यांच्यावर उलटतो.

आता चित्रण. महागडं सामान लागत नाही, पण स्वयंपाकघर ही चित्रणासाठी वाईट जागा आहे, एवढं लक्षात ठेवावं. पहिला शत्रू पिवळा दिवा. पिवळ्या उजेडात नवं तेलसुद्धा दोनदा वापरल्यासारखं तांबूस दिसतं. जो व्हिडिओ विश्वासासाठी काढला तोच ‘तेल जुनं दिसतंय’ अशी शंका निर्माण करतो. त्यापेक्षा सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, दिवे बंद करून, खिडकीच्या उजेडात तळावं. खिडकी कढईच्या मागे किंवा बाजूला असली आणि पाठीमागे गडद भिंत किंवा कपाट असलं की वाफ आणि बुडबुडे उठून दिसतात. ट्यूबलाइट लावावीच लागली तर कधी कधी चित्रात काळसर पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण फोनला कळतं. फोनमध्ये सेकंदाला तीसऐवजी पंचवीस चित्रांची सोय असेल तर ती निवडावी, पट्टे बहुधा जातात.

दुसरा शत्रू वाफ. फोन कढईच्या वर धरून काढलेलं चित्र पहिल्या पाच सेकंदांतच धूसर होतं, आणि हातातून सुटला तर काय होईल ते सांगायला नको. फोन बाजूला, कढईच्या काठाच्या जरा वर, हातभर अंतरावर, तिवईवर घट्ट बसवावा. काच आधी मऊ कोरड्या कापडाने पुसावी. तेलकट बोटाचा एक ठसा पुरतो, सगळं चित्र धुक्यात गेल्यासारखं दिसायला. पांढऱ्या पिठावर किंवा चकचकीत स्टीलवर फोन आपोआप उजेड कमी करतो आणि कढई काळी पडते. पडद्यावर कढईच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनांत उजेड आणि नजर दोन्ही तिथेच स्थिर राहतात.

आवाजाला मात्र चित्रापेक्षा जास्त जपावं. या व्हिडिओत चरचर आणि कट् हेच बोलणार आहेत. एक्झॉस्ट पंखा, मिक्सर, टीव्ही तेवढ्यापुरते बंद. फोन विमान मोडवर. पाठीमागे सिनेमातलं गाणं टाकायचा मोह टाळलेला बरा. एक तर ते चरचर खाऊन टाकतं, शिवाय गाण्याचे हक्क कंपनीकडे असतात आणि धंद्याच्या जाहिरातीत ते विनापरवाना वापरता येत नाही. पण बरेच जण व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेली सगळी वाक्यं मराठीत लिहूनही द्यावीत. ती पडद्याच्या मधोमध किंवा जरा वर असावीत, कारण खालचा भाग आणि उजवी कड बटणांनी झाकली जाते.

थोरलीने कॅमेऱ्याकडे बघायची गरज नाही. धाकटी म्हणेल, “ताई, जरा हसा ना.” थोरलीचं उत्तर ठरलेलं आहे: “अगं, तेल तापलंय, हसू कुठे!” हे वाक्य व्हिडिओत राहिलं तरी चालेल. काम करणारा माणूस कामाकडे बघतो. नवा कोरा एप्रन, केसांचा अंबाडा सलूनमधून केल्यासारखा, ओट्यावर एक चमचासुद्धा नाही, असं स्वयंपाकघर दिसलं की बघणाऱ्याला सेट वाटतो. त्याच्या उलट टोकालाही जाऊ नये. मोकळे केस, वाढलेली नखं, काजळी धरलेलं फडकं हे अर्ध्या सेकंदासाठी दिसलं तरी पुरतं.

आणि एक गोष्ट हमखास दिसते. तळलेला घाणा वर्तमानपत्रावर काढणं. आपल्या घरोघरी पिढ्यानपिढ्या असंच चाललं आहे, त्यामुळे कोणाला त्यात गैर वाटत नाही. पण छपाईच्या शाईतली रसायनं गरम तेलात उतरतात, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत किंवा त्यावर तेल टिपू नये, असं पुन्हा पुन्हा बजावलं आहे. व्हिडिओत कागद दिसला तर सगळी मेहनत वाया. जाळी वापरावी, खाली ताट ठेवावं. खरं तर कॅमेरा नसतानाही.

पाठीमागे काय दिसतंय तेही बघावं. फडताळावर दुसऱ्याच तेलाचा डबा असेल तर लोक चित्र थांबवून त्याचं नाव वाचतात. कुरिअरच्या खोक्यांवर गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर असतात, ते चित्रात येऊ देणं हा त्यांचा विश्वासघात आहे. हाताखाली दोन मदतनीस असतील तर त्यांना आधी विचारावं. कोणाला चेहरा द्यायचा नसेल तर हात पुरेसे आहेत. चकली यंत्रावर पाडत असाल तर यंत्र दाखवा. लोकांना यंत्राचा राग नसतो. सोऱ्या दाखवून यंत्राची चकली विकली तर येतो.

तेलाच्या शंकेचंही एक उत्तर याच बुडबुड्यांत आहे. अनेक जण नवं तेल दाखवण्यासाठी सीलबंद पिशवी कापून कढईत ओततात. ते कोणीही करू शकतं, रोज एकदा. त्यापेक्षा दिवसाच्या शेवटच्या घाण्याचं तेल दाखवावं. पाण्याचे बुडबुडे मोठे असतात आणि चकली सुकत गेली की बसतात. वारंवार तापवलेल्या तेलावर बारीक फेस येतो, तो कढईच्या काठाला चिकटून राहतो आणि चकली झाली तरी जात नाही. तेल गडद आणि दाटसर होतं, लवकर धुरकटतं. नियमाच्या भाषेत, तापून तापून तेलात तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. ते मोजायला उपकरण लागतं, घरी कोणी ते ठेवत नाही. पण संध्याकाळी सहाच्या घाण्यात फेस बसताना दिसला तर मोजमापाशिवायही बरंच कळतं. हा आणखी एक व्हिडिओ झाला, दुसऱ्या शंकेचा.

तरी हा अर्ध्या मिनिटाचा दरवाजा आहे आणि तो कुठे उघडायचा ते विकणारा ठरवतो, ही या प्रकाराची मर्यादा. भाजणीत काय मिसळलंय हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ओट्यामागची मोरी दिसत नाही. तुपाचा डबा दाखवून वनस्पतीत तळलेलं विकता येतं. यासाठी कायदा आहे. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ हे शब्द अन्नपदार्थांच्या जाहिरातीत कधी वापरता येतात याच्या अटी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत घातल्या आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. घरून काढलेला छोटा व्हिडिओ माल विकण्यासाठी असेल तर तीही जाहिरातच. दुसऱ्या कोणाला पैसे किंवा फुकट फराळ देऊन व्हिडिओ करून घेतला असेल, तर तो संबंध व्हिडिओतच स्पष्ट सांगावा लागतो.

आणखी एक भीती दोघी जावांना वाटेल, ती म्हणजे कृती चोरीला जाण्याची. भाजणीचं प्रमाण सांगायची काहीच गरज नाही. बुडबुडे कधी बसतात हे साऱ्या जगाने बघितलं तरी थोरलीच्या हाताचं मोहन कोणाला मिळत नाही.

व्हिडिओ लागू पडला की नाही, हे किती जणांनी बघितला यावरून ठरवू नये. चकली मोडल्याचा आवाज लाखभर लोक ऐकतात आणि पुढे सरकतात. त्यांतले बरेच पुण्या-मुंबईत राहतही नाहीत. दिवाळीच्या आधीचे निरोप वाचावेत. ‘मऊ पडणार नाही ना?’ हा प्रश्न कमी झाला आणि ‘दोन किलो पाठवा’ थेट येऊ लागलं, की काम झालं. ‘तुमच्याकडची फसलेली चकलीच द्या, आमच्याकडे तीही खातात’ असा निरोप आला तर समजावं, व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला गेला आहे.

फराळ मागवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. असा व्हिडिओ बघा, पण त्यावर थांबू नका. घाणा कशावर निथळतोय आणि फेस बसतोय का ते पाहा. डबा हातात आल्यावर लेबलवर चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत खायचं हे छापलेलं आहे का ते तपासा. तो क्रमांक अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते कळतं. क्रमांकच नसेल, तर व्हिडिओ कितीही चांगला असो, दुसरीकडे ऑर्डर द्या.